तिहेरी मंगळ, पावणेचार मिनिटं आणि नाशिकमधलं एक स्थळ

हे प्रकरण माझ्याकडे आलेलं आहे. मी नाशिकमध्ये पत्रिका बघतो, त्यातही बहुतेक लग्नाच्या. दोन्ही घरांची परवानगी घेऊन, ओळख पटेल असे तपशील बदलून लिहितो आहे. ग्रहस्थिती बदललेली नाही, कारण सगळा मुद्दा तिच्यातच आहे.

पार्श्वभूमी

मुलगी अठ्ठावीस वर्षांची, राहायला इंदिरानगरला. एम. फार्म. झालेली, अंबडच्या एका औषध कंपनीत गुणवत्ता विभागात नोकरीला. वडील सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. मुलगा तिशीचा, मूळ घर पिंपळगाव बसवंतला, घरची द्राक्षबाग, स्वतः पुण्यात नोकरीला. स्थळ मुलीच्या मावशीने सुचवलेलं. दोघं गंगापूर रोडला दोनदा भेटले, पसंती झाली. गुण मोबाईलवरच बघितले होते. ते पंचवीसच्या वर जुळत होते आणि नाडीदोष नव्हता. सुपारी फोडायची तारीख बघायची तेवढी राहिली होती.

ती बघायला मुलाची आई पंचवटीतल्या त्यांच्या घरच्या गुरुजींकडे गेली. सोबत मुलीच्या भावाने मोबाईलवर काढून पाठवलेली पत्रिकेची प्रिंट होती. गुरुजींनी ती पाहून सांगितलं, की मुलीला तिहेरी मंगळ आहे: लग्नाकडून, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणाऱ्या राशीपासून मोजून, सातवा, चंद्राकडून आठवा, शुक्राबरोबर पहिला.

संध्याकाळी मावशीला फोन आला. फोनवर एवढंच सांगितलं गेलं, "मुलीला कडक मंगळ आहे म्हणतात, मुलाच्या जिवाला नको."

अडचण

या घराची भीती कुठून आली ते आधी सांगायला हवं, नाहीतर मुलाची आई उगाच खलनायिका ठरेल. आदल्या वर्षी मुलाच्या वडिलांची बायपास झाली होती. ज्या बाईने महिनाभर दवाखान्याच्या बाकावर रात्री काढल्या, तिच्यासमोर कोणी "नवऱ्याच्या आयुष्याला बाधा" असे शब्द उच्चारले, तर तिला टक्केवारी सांगून उपयोग नसतो.

मुलीकडे वेगळंच चाललं होतं. एका चुलत्याने सुचवलं, "जन्मवेळ अर्धा तास पुढे घ्या, मंगळ जातो, मी करून आणतो." असं करणारे लोक आहेत, आणि बरेच आहेत. दुसऱ्या नातेवाइकाने एका मध्यस्थाकडून कुंभविवाहाचा खर्च विचारून ठेवला होता. सामान, दक्षिणा, जेवण धरून एकवीस हजार. कुंभविवाह म्हणजे मुलीचं लग्न आधी मातीच्या कुंभाशी किंवा विष्णुमूर्तीशी लावायचं आणि मग कुंभाचं विसर्जन करायचं. मंगळाचा जो काही घाव असेल तो त्या पहिल्या 'नवऱ्यावर' जातो, अशी त्यामागची कल्पना.

मुलगी वडिलांबरोबर माझ्याकडे आली ती चिडलेलीच. म्हणाली, "काका, माझं लग्न आधी मडक्याशी लावायचं, ते मडकं बुडवायचं, म्हणजे मी एकदा विधवा झाले असं धरायचं. मला हे करायचं नाही. आणि मी जन्मल्यापासून कोणाच्या तरी जिवावर उठलेली आहे, हे मला आज कळतंय."

वडील गप्प होते. त्यांना एकच विचारायचं होतं: मंगळ आहे का नाही?

मी त्यांना म्हटलं, या प्रश्नाचं हो-नाही असं उत्तर देता येतं, पण ते देणाऱ्याने आधी आपला नियम सांगायला हवा.

मंगळ मोजतात कसा

आपल्याकडे प्रचलित असलेल्या श्लोकाची पहिली ओळ अशी: 'लग्ने व्यये च पाताले जामित्रे चाष्टमे कुजे'. म्हणजे मंगळ लग्नी, बाराव्या, चौथ्या, सातव्या किंवा आठव्या स्थानी. ही पाच स्थानं. दक्षिणेत दुसरं स्थानही धरतात. श्लोकाची दुसरी ओळ सहसा कोणी म्हणून दाखवत नाही. ती दोन्ही बाजूंना लागू आहे: असा मंगळ वधूला असेल तर वराचा नाश, वराला असेल तर वधूचा. व्यवहारात मात्र 'मंगळाची मुलगी' हा शब्द रोज ऐकू येतो आणि 'मंगळाचा मुलगा' क्वचित.

आता साधा हिशेब. मंगळ एका राशीत साधारण दीड महिना असतो, वक्री झाला तर कित्येक महिने. लग्नरास मात्र दर दोन तासांनी बदलते. या मुलीच्या जन्माच्या वेळी मंगळ धनु राशीत होता. म्हणजे त्या दीड महिन्यात वृषभ, मिथुन, कन्या, धनु आणि मकर लग्नावर जन्मलेल्या प्रत्येक बाळाला मंगळ आहे. बारा लग्नांपैकी पाच. त्या दिवशी नाशिकच्या दवाखान्यांत जन्मलेल्या दर शंभर मुलांमागे ढोबळमानाने बेचाळीस. हे कुठल्याही दिवसाला लागू आहे, फक्त लग्नं बदलतात.

हे फक्त लग्नावरून मोजलं तर. काही परंपरांत चंद्रावरून आणि शुक्रावरूनही मोजतात. प्रत्येक मोजणीत बारापैकी सात स्थानं मोकळी, म्हणजे तिन्ही मोजण्यांतून निसटण्याची शक्यता सात-बारांश गुणिले सात-बारांश गुणिले सात-बारांश. ती वीस टक्के येते. उरलेल्या ऐंशी टक्के लोकांना कुठून ना कुठून मंगळ आहे. वधू आणि वर दोघंही या तिहेरी चाळणीतून कोरडे सुटलेत, अशी जोडपी शंभरात चार निघतील. हा नियम जसाच्या तसा खरा असता, तर महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक लग्नावर संकट असायला हवं होतं.

म्हणून जुन्या लोकांनी अपवाद लिहून ठेवले. मेषेचा मंगळ लग्नी, धनूचा बारावा, वृश्चिकेचा चौथा, मकरेचा सातवा, कर्केचा आठवा असेल तर दोष नाही, असा श्लोकच आहे. मंगळ गुरूबरोबर किंवा गुरूच्या दृष्टीत असेल तर तो सौम्य धरतात. समोरच्याच्या पत्रिकेत त्याच स्थानांवर मंगळ, शनी किंवा दुसरा पापग्रह असेल तर दोष मिटला असं मानतात. 'सौम्य मंगळ' आणि 'कडक मंगळ' हे भेद यातूनच आले. अपवादांची यादी पुढे इतकी वाढली, की आता तिच्यातून कोणालाही सोडवता येतं आणि नियमांच्या यादीतून कोणालाही अडकवता येतं. हे मी माझ्याच विद्येबद्दल बोलतो आहे.

या पत्रिकेत काय निघालं

प्रिंट हातात घेतल्यावर मी नेहमी आधी कोपऱ्यातले बारीक अक्षरांतले अक्षांश-रेखांश बघतो. इथे रेखांश बहात्तर अंश पन्नास कला होते. ते मुंबईचे. मुलगी जन्मली नाशिकला, कॉलेज रोडच्या दवाखान्यात. भावाने जन्मतारीख आणि वेळ नीट भरली होती, पण गाव बदलायचं राहिलं होतं. अ‍ॅपने आधीपासून भरून ठेवलेली मुंबई तशीच गेली.

नाशिक मुंबईच्या पूर्वेला जेमतेम एक अंश आहे. घड्याळात हा फरक पावणेचार मिनिटांचा. एरवी एवढ्याने काही बिघडत नाही. पण मुंबई धरून लग्न येत होतं मिथुन एकोणतीस अंश चोवीस कला, राशीच्या अगदी शेवटच्या टोकाला. नाशिक धरल्यावर ते पुढे सरकून कर्केत पाव अंशावर गेलं. मिथुन लग्नाला धनूचा मंगळ सातवा, कर्क लग्नाला तोच सहावा. आणि सहावं स्थान मंगळाच्या यादीत नाही.

वडिलांचा चेहरा खुलला. "म्हणजे मंगळ नाहीच!"

इथे पहिला निर्णय घ्यायचा होता. नवी प्रिंट काढून 'लग्नाकडून मंगळ नाही' असं लिहून देणं सोपं होतं आणि खोटंही नव्हतं. पण मी वडिलांना दवाखान्याचं कार्ड मागितलं. त्यावर वेळ होती रात्री आठ पंचेचाळीस. पूर्ण पाचाच्या पटीत. दवाखान्यात वेळ लिहिणारी नर्स बाळ आणि आई दोघांकडे बघून झाल्यावर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघते. शिवाय जन्मक्षण कोणता धरायचा, डोकं बाहेर आलं तो, पहिलं रडू आलं तो, की नाळ कापली तो, यावरही एकमत नाही. चार-पाच मिनिटांची चूक अशा कार्डात सहज असते. लग्न राशीच्या उंबऱ्यावर असताना तेवढ्या चुकीत ते इकडे की तिकडे, हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. मिथुनही खरं असू शकतं, कर्कही.

दोन गोष्टी आणखी तपासल्या. एक म्हणजे भावचलित, म्हणजे अख्ख्या राशी न धरता लग्नाच्या नेमक्या अंशावरून स्थानं, म्हणजेच भाव, आखायची पद्धत. लग्नबिंदू हा पहिल्या भावाचा मध्य धरला, तर सातव्या भावाचा मध्य धनूच्या अखेरीस पडतो आणि तो भाव सुरू होतो धनूच्या निम्म्यावर. मंगळ होता धनूच्या अकराव्या अंशावर. म्हणजे लग्न मिथुन धरा की कर्क, चलितात मंगळ सहाव्यातच येतो. दुसरं म्हणजे पंचांग. राशिचक्राचा आरंभ कुठून धरायचा यावर पंचांगांचे दोन पक्ष आहेत, आणि वरची सगळी गणितं चित्रापक्षाची. दाते पंचांगही त्याच पक्षाचं. टिळक पंचांगाच्या रैवत पक्षात सगळे ग्रह सुमारे चार अंश पुढे दिसतात, त्या हिशेबाने लग्न मुंबई धरूनही कर्कच येतं. मुलाच्या पिंपळगावच्या घरी आजोबांच्या काळापासून भिंतीवर टिळक पंचांग लटकलेलं असतं, हे मला नंतर कळलं.

आता राहिला चंद्र आणि शुक्र. चंद्र वृषभेत, तिथून धनूचा मंगळ आठवा, यात वाद नाही. शुक्रही धनूतच, मंगळाशेजारी. पण त्याच राशीत गुरू स्वगृही बसलेला होता. गुरुयुक्त मंगळ हा अपवाद पंचवटीच्या गुरुजींनाही ठाऊक असणारच. त्यांनी तो सांगितला नाही, की सांगितला आणि फोनच्या वाटेत गळाला, हे तेव्हा कळायला मार्ग नव्हता.

पर्याय

वडिलांपुढे मी चार वाटा ठेवल्या.

पहिली, दुरुस्त प्रिंट पाठवायची आणि 'मंगळ नाही' म्हणायचं. धोका असा, की पंचवटीचे गुरुजी चंद्राकडूनचा आठवा तरी दाखवणारच, आणि मग 'मुलीकडच्यांनी पत्रिका बदलली' असा बोभाटा होणार. चुलत्याने सुचवलेल्या बनावट वेळेपेक्षा ही वाट प्रामाणिक, पण समोरून बघणाऱ्याला दोन्ही सारख्याच दिसतात.

दुसरी, कुंभविवाह करून मोकळं व्हायचं. बऱ्याच घरांत हेच होतं. पण तो विधी केला की मंगळ कबूल केल्यासारखं होतं. पुढे पंचवीस वर्षांत त्या घरात कोणी पडलं-झडलं तरी बोट तिच्याकडेच जाणार. आणि मुलीने स्पष्ट नकार दिला होता.

तिसरी, हे स्थळ सोडून मंगळाचा मुलगा शोधायचा. नुसत्या लग्नावरून मोजलं तरी अर्ध्याहून जास्त मुलं यात बाद होतात, आणि उरलेल्यांतून निवडताना स्वभाव, पगार, व्यसन हे सगळं मंगळाच्या मागच्या रांगेत जातं. माझ्याकडे येणाऱ्या पालकांत ही वाट धरून मुलीचं वय चौतीस-पस्तीसपर्यंत गेलेले आहेत.

चौथी वाट मी सुचवली: मुलाची पत्रिकाही मागवू आणि तिला हाच नियम लावू. दोन्ही घरांनी एकत्र बसायचं, गुरुजींनाही बोलवायचं.

वडील कचरले. "मुलाची पत्रिका तपासतो म्हटलं तर त्यांना राग येईल." हा प्रकरणातला दुसरा निर्णय, आणि तो मुलीने घेतला. "बाबा, माझी तपासली तेव्हा आपल्याला राग आला होता का?"

काय केलं

मुलाची पत्रिका दोन दिवसांत आली, मुलानेच पाठवली. लग्न कन्या, मंगळ कर्केत अकरावा. लग्नाकडून मंगळ नाही. त्या घरात आजवर 'आमच्या मुलाला मंगळ नाही' म्हणत होते ते याच आधारावर. पण चंद्रही कर्केतच होता, मंगळाशेजारी. चंद्रावरून मोजलं तर मंगळ पहिला. जो नियम लावून मुलगी तिहेरी मंगळाची ठरली, त्याच नियमाने मुलगाही मंगळाचा होता. मुलीला तीन पट्ट्या लावल्या, मुलाला एक.

बैठक इंदिरानगरच्या घरी झाली. मुलाची आई, मामा, मुलगा, पंचवटीचे गुरुजी, मुलीचे आईवडील, मुलगी आणि मी. गुरुजी माझ्याहून वयाने बरेच मोठे. म्हणून निकाल सांगायच्या ऐवजी मी त्यांनाच विचारलं, "गुरुजी, आपण चंद्राकडूनचा मंगळ धरता ना?" "धरतो." "मुलाचाही?" त्यांनी मुलाची पत्रिका पुढे ओढली, चष्मा कपाळावर सरकवून कागद डोळ्यांजवळ नेला आणि बोटाने घरं मोजली. मग आईकडे वळून म्हणाले, "तुमच्या मुलालाही आहे. मग प्रश्नच नाही, जुळतंय."

त्यांनी हेही सांगितलं, की गुरू बरोबर आहे हे त्या दिवशी आपण बोललो होतो. मुलाची आई म्हणाली, "बोलला असाल. मला आठव्याच्या पुढचं काही ऐकूच आलं नाही."

मामांनी मध्येच विषय काढला, की पत्रिकांवर कोणी शास्त्रीय परीक्षा घेतली आहे का. घेतली आहे. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली पुण्यात एक चाचणी घेतली. सत्तावीस ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस पत्रिका पाहून मूल हुशार आहे की मतिमंद ते सांगायचं होतं. बरोबर उत्तरांची सरासरी आली सेहेचाळीस टक्के, नाणं उडवून जेवढी येईल जवळपास तेवढीच. ती चाचणी लग्नाची किंवा मंगळाची नव्हती, पण ज्या माणसाला पत्रिकेवर कोणाच्या आयुष्याचा निकाल द्यायचा आहे त्याने ती माहीत करून घ्यावी. मी पत्रिका बघतो आणि हे बैठकीत बोललो, म्हणून गुरुजींना थोडं लागलं. पण त्यांनीच पुढे एक गोष्ट सांगितली, जिचा मुलाच्या आईवर माझ्या टक्केवारीपेक्षा जास्त परिणाम झाला. ते म्हणाले, "मंगळाने नवरा मरतो असं मी कोणाला सांगत नाही. स्वभाव तापट, बोलणं फटकळ, घाईने निर्णय, एवढंच मी त्यातून वाचतो. आणि तापट माणसं मंगळाविनाही पुष्कळ पाहिली."

मग तिसरा निर्णय: विधी करायचा का? मुलाच्या आजीला काहीतरी हवंच होतं. कुंभविवाहाला मुलीचा नकार कायम होता. यावर तोड निघाली ती आपल्या लग्नाच्या रीतीतूनच. लग्नाआधी ग्रहमख दोन्ही घरी होतोच. त्यात नवग्रहांची पूजा आणि हवन असतं, मंगळही त्यात आला. तो दोन्हीकडे, कुठल्या दोषाचं नाव न घेता, नेहमीसारखा करायचा ठरला. वेगळी शांती नाही, वेगळा खर्च नाही, मुलीच्या एकटीच्या नावाने संकल्प नाही.

मंगळाचं संपल्यावर मुलीने आपला विषय काढला. लग्नानंतर पुण्याला यायचं तर अंबडची नोकरी सोडावी लागणार, मग पुण्यात नोकरी मिळेपर्यंत किती थांबायचं आणि बागेवर काढलेल्या कर्जाचे हप्ते कोणाच्या पगारातून जातात? यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. पत्रिकेतून यातलं काहीच दिसत नव्हतं, आणि महिनाभर मंगळाच्या गोंधळात हे कोणी विचारलंही नव्हतं.

निष्पत्ती

लग्न त्याच हंगामात झालं. मुलीला चाकणजवळ नोकरी मिळायला सात महिने लागले, तोवर ती आठवड्याचे पाच दिवस नाशिकला राहून जाऊन-येऊन करत होती. ते सात महिने दोघांनाही जड गेले, असं दोघंही सांगतात.

आज संसार नीट चालला आहे म्हणून मंगळ खोटा ठरला, असं मी म्हणणार नाही. एका लग्नावरून काहीच सिद्ध होत नाही. मोडलं असतं तरी झालं नसतं. पण भीती पुरावा कसा गोळा करते, ते मात्र याच घरात बघायला मिळालं. दुसऱ्या वर्षी मुलाची आई ओट्यावरून घसरली आणि मनगट मोडलं. कोणीतरी पाहुणी म्हणाली, "तरी सांगत होते, मंगळाची सून." त्यावर सासूनेच उत्तर दिलं, "माझ्या मुलालाही आहे मंगळ. त्याचा का नाही लागला म्हणत? आणि ओटा ओला मीच ठेवला होता." त्या बैठकीत मुलाची पत्रिका उघडली गेली नसती, तर हे उत्तर द्यायला तिच्याकडे काही नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

अ‍ॅपवरची प्रिंट पाठवण्याआधी जन्मगाव तपासायला हवं होतं. नाशिककरांच्या पत्रिकांत मुंबई राहून गेलेली मी वरचेवर बघतो, आणि परदेशात जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत तर वेळेचा विभागही चुकलेला असतो. प्रिंटवर रेखांश त्र्याहत्तर अंश सत्तेचाळीस कलांच्या आसपास नसेल, तर ती नाशिकची पत्रिका नाही. लग्न राशीच्या पहिल्या किंवा शेवटच्या अंशात असेल, तर लग्नावरून काढलेला कुठलाही निष्कर्ष, बाजूचा असो वा विरुद्ध, कच्चाच धरावा.

निरोप फोनवर आणि तिसऱ्याच्या तोंडून जायला नको होता. गुरुजींच्या बोलण्यातला गुरू मावशीपर्यंत पोचेस्तोवर गळला आणि आठवा मंगळ तेवढा शिल्लक राहिला. पत्रिका बघणाऱ्याने चार ओळी लिहून दिल्या असत्या, की कुठून मोजला, कोणत्या स्थानी आला, कोणते अपवाद तपासले, तर बराच मनस्ताप वाचला असता. मी आता लिहून देतो. लिहायला बसलं की 'कडक' हा शब्द आपोआप कमी वापरला जातो, असा अनुभव आहे.

आणि दोन्ही पत्रिका एकाच वेळी, एकाच नियमाने बघायला हव्या होत्या. गुण बघताना आपण दोघांचे चंद्र समोरासमोर ठेवतो. मंगळाला मात्र मुलीचा कागद आधी उघडतो, आणि तिथे काही सापडलं की मुलाचा उघडायची गरजच कोणाला वाटत नाही.

बैठकीत एक गोष्ट अर्धवट राहिली, ती इथे नोंदवतो. गुरुजी चंद्राकडूनचा मंगळ अजूनही धरतात. मी लग्नावरून आणि चलितावरून बघतो, चंद्राचा विचार स्वभावापुरता करतो. यावर आमचं एकमत झालं नाही. मात्र त्यांच्याकडून माझ्याकडे आलेल्या शेवटच्या दोन जोड्यांच्या वेळी वधू-वर दोघांचे कागद एकाच टाचणीत होते, आणि जन्मगावाखाली पेन्सिलीने रेघ मारलेली होती.